गळती किती घटली यापेक्षा युनिटमागे किती आले ते सांगा

जळगाव शहर आणि त्याच्या लगतच्या भागातले वीजवितरण 2011 मध्ये क्रॉम्प्टन ग्रीव्हज या खासगी कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून गेले आणि 2015 मध्ये पुन्हा महावितरणकडे आले. ग्राहकाच्या दृष्टीने फक्त बिलावरचे नाव बदलले. खांब, रोहित्रे, आकडे टाकणारी आळी, सगळे तेच होते. बदलला तो हिशेब. कामगिरी कशात मोजायची याचे उत्तर सरकारी कंपनीत एक होते आणि फ्रँचायझीत दुसरे. जळगाव-धुळ्यातला वीज कंपनीचा जो अभियंता आज खासगी नोकरीसाठी बायोडेटा लिहायला बसतो, त्याला हा फरक नीट कळला तर अर्धे काम तिथेच होते.

हा फरक कराराच्या रचनेत आहे. महाराष्ट्रातल्या वितरण फ्रँचायझी इनपुट पद्धतीच्या असतात. महावितरण शहराच्या सीमेवर वीज मोजून देते. जितकी युनिट आत गेली त्या प्रत्येक युनिटला फ्रँचायझीने बोलीत कबूल केलेल्या दराने पैसे भरायचे. आत गेल्यावर त्यातली किती चोरीला गेली, किती तारांत तापून संपली, किती बिलात आली आणि किती वसूल झाली, हा फ्रँचायझीचा प्रश्न. म्हणजे त्या कंपनीच्या अधिकाऱ्याच्या डोक्यात दिवसभर एकच आकडा फिरतो: आत आलेल्या एका युनिटमागे हातात किती रुपये पडले? भिवंडीत टोरेंट पॉवरने 26 जानेवारी 2007 ला काम हाती घेतले तेव्हा आत येणाऱ्या विजेच्या निम्म्याहून अधिक किमतीची वसुलीच होत नव्हती. तरीही कंपनीने ते काम घेतले, कारण याच आकड्यात वाढीला जागा दिसत होती.

आता आपल्या शाखा कार्यालयातला मासिक अहवाल आठवा. नादुरुस्त मीटर बदलले इतके. कलम 135 खाली चोरीची प्रकरणे इतकी, कलम 126 खाली इतकी. थकबाकीपोटी खंडित केलेले वीजजोड इतके. वसुली उद्दिष्टाच्या 104 टक्के. हे सगळे खरे असते, घाम गाळून मिळवलेले असते, आणि बाहेरच्या माणसाला यातून काहीही कळत नाही. त्यातही 104 टक्के हा सर्वांत निरुपयोगी आकडा. उद्दिष्ट मंडळ कार्यालयाने ठरवलेले, ते सोपे होते की अशक्य होते हे मुलाखत घेणाऱ्याला माहीत नसते, आणि विचारायला त्याला वेळही नसतो.

तेव्हा पहिले काम म्हणजे आपल्याच कामाचा एक फीडर निवडून त्याचा हिशेब फ्रँचायझीच्या पद्धतीने नव्याने मांडायचा. संपूर्ण उपविभाग घेऊ नका. सावदा, रावेर, चोपडा, शिरपूर या पट्ट्यात केळी आणि कापसाचे पंप मोठ्या संख्येने आहेत. बऱ्याच कृषिपंपांना मीटर नाही, बिल अश्वशक्तीवर आकारले जाते आणि प्रत्यक्ष वापर अंदाजाने धरला जातो. हा अंदाज थोडा वर-खाली केला की गळती आपोआप कमी-जास्त दिसते. या क्षेत्रातला कोणताही जाणकार पहिला प्रश्न हाच विचारील: शेती धरून की वगळून? त्यामुळे शेतीचा भार नसलेला, वस्तीचा आणि दुकानांचा फीडर घ्या. धुळे शहरातला, भुसावळातला, अमळनेरातला, कुठलाही चालेल, फक्त तो सलग दोन वर्षे तुमच्या ताब्यात असायला हवा.

समजुतीसाठी एक फीडर घेऊ. आकडे कल्पित आहेत, पण शहरी 11 केव्ही फीडरला शोभतील असे आहेत. ग्राहक सुमारे 7,500. पहिल्या वर्षी, एप्रिल ते मार्च, उपकेंद्रातल्या फीडर मीटरवरून आत आलेली वीज 1 कोटी 20 लाख युनिट. त्यातली बिलात आलेली 90 लाख, म्हणजे 75 टक्के. सरासरी दर युनिटला ₹9 धरला तर मागणी ₹8.10 कोटी. वसूल झाले ₹7.29 कोटी, म्हणजे 90 टक्के. एटी अँड सी लॉस काढताना हे दोन्ही टक्के गुणायचे: 0.75 गुणिले 0.90 म्हणजे 0.675. शंभरातले साडेसदुसष्ट हाती आले, साडेबत्तीस गेले. एटी अँड सी लॉस 32.5 टक्के.

दुसऱ्या वर्षी 1,400 बंद आणि सदोष मीटर बदलले, दोन आळ्यांमध्ये उघड्या तारा काढून एबी केबल टाकली, सरासरी बिलांची यादी हाताने तपासली. आत आलेली वीज किंचित घटून 1 कोटी 18 लाख युनिट झाली, कारण फुकट मिळणारी वीज माणूस सैल हाताने वापरतो आणि मीटर लागले की शेगडी बंद होते. बिलात आली 96.76 लाख, म्हणजे 82 टक्के. त्याच ₹9 दराने मागणी सुमारे ₹8.71 कोटी. वसुली ₹8.27 कोटी, म्हणजे 95 टक्के. 0.82 गुणिले 0.95 केले की 0.779 येते. लॉस 22.1 टक्के.

इथपर्यंत महावितरणातला कोणताही अभियंता येतो. खासगी कंपनीसाठी एक पाऊल पुढे जायचे आहे. पहिल्या वर्षी ₹7.29 कोटी भागिले 1 कोटी 20 लाख युनिट: आत आलेल्या युनिटमागे ₹6.08. दुसऱ्या वर्षी ₹8.27 कोटी भागिले 1 कोटी 18 लाख: ₹7.01. युनिटमागे 93 पैसे वाढले. मीटर, केबल आणि मजुरी धरून खर्च समजा ₹38 लाख झाला. वर्षाला हाती आलेली जादा रक्कम सुमारे ₹98 लाख. म्हणजे घातलेले पैसे पाच महिन्यांच्या आत परत आले. ‘विशेष मोहीम राबविण्यात आली’ हे वाक्य या आकड्यांसमोर किती पोकळ वाटते पाहा.

या हिशेबात तीन ठिकाणी पाय घसरतो आणि तिथेच मुलाखत घेणारा बोट ठेवतो.

पहिले ठिकाण दराचे. वीज नियामक आयोगाच्या आदेशाने दर वाढला की मागणी आणि वसुली दोन्ही रुपयांत फुगतात, त्यात तुमचे काही कर्तृत्व नसते. म्हणून वरच्या हिशेबात दोन्ही वर्षांना ₹9 हाच दर धरला. बायोडेटात ‘स्थिर दराने’ हे दोन शब्द लिहिले की समोरच्याला कळते, या माणसाला प्रश्न आधीच सुचलेला आहे.

दुसरे ठिकाण जुन्या थकबाकीचे. अभय योजना आली किंवा कायमस्वरूपी खंडित झालेल्या, म्हणजे आपल्या बोलीतल्या पीडी ग्राहकांनी जुने पैसे भरले, की चालू वर्षाची वसुली एकदम चांगली दिसते. कधी ती शंभर टक्क्यांच्या वर जाते आणि कार्यालयात त्याचा सत्कारही होतो. खासगी कंपनीचा लेखापाल ती रक्कम लगेच बाजूला काढतो, कारण ती पुढच्या वर्षी येणार नसते. आपल्या उदाहरणात दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष जमा ₹8.42 कोटी होती असे धरा. त्यातले ₹15 लाख पीडी ग्राहकांचे होते, ते वेगळे काढून ₹8.27 कोटी उरले. ही वजाबाकी तुम्ही स्वतः करून दाखवा. त्यांनी केली तर तुमच्या बाकीच्या आकड्यांवरही शंका येते.

तिसरे ठिकाण श्रेयाचे, आणि ते सगळ्यांत अवघड. एबी केबल एखाद्या सरकारी योजनेतून आली होती का? उपकेंद्र त्याच वर्षी नवे झाले का? शेजारच्या फीडरचा भार तुमच्यावर टाकला गेला की काढला गेला? ग्राहकांचा भाग दुसऱ्या फीडरवर गेला आणि त्यांची नावे संगणकात जुन्या फीडरवरच राहिली, तर आत येणारी वीज घटते, बिल मात्र तेवढेच राहते आणि गळती जादूने नाहीशी होते. भार वळवल्यावर ग्राहकांची फीडर नोंद दुरुस्त न होणे हे आपल्याकडे रोजचेच दुखणे आहे. आकडे अचानक, एकाच महिन्यात सुधारलेले दिसले तर आधी ही नोंद तपासा. खरे काम हळूहळू दिसते, दोन-तीन बिलिंग चक्रांत उतरत जाते. योजनेचा पैसा सरकारचा असेल तर तसे सरळ म्हणा, आणि आळ्या कोणत्या निवडायच्या, काम कोणत्या क्रमाने करायचे, हे तुम्ही ठरवले असेल तर तेही म्हणा. खासगीतही पैसा मालकाचाच असतो. निवड कोणाची होती, हेच त्यांना जाणून घ्यायचे असते.

आता ओळ लिहू. जुनी ओळ अशी असते: ‘वीजहानी कमी करण्याकरिता शाखेत विशेष मोहीम राबविण्यात येऊन 1,400 नादुरुस्त मीटर बदलण्यात आले व कलम 135 अन्वये प्रकरणे दाखल करण्यात आली.’ नवी ओळ अशी: ‘7,500 ग्राहकांचा शहरी 11 केव्ही फीडर, 12 महिन्यांत एटी अँड सी लॉस 32.5 वरून 22.1 टक्के, स्थिर दराने आणि जुनी थकबाकी वगळून प्रति इनपुट युनिट वसुली ₹6.08 वरून ₹7.01, खर्च ₹38 लाख, परतफेड पाच महिन्यांच्या आत. 1,400 मीटर बदलण्याचा क्रम आणि केबलच्या आळ्यांची निवड माझी.’ प्रत्यक्षात हे इंग्रजीत लिहाल, पण आधी मराठीत असे नेमके लिहून काढा. कार्यालयीन मराठीतल्या कर्मणी वाक्याचे सरळ भाषांतर केले की इंग्रजीतही कर्ता हरवतो, आणि वाचणाऱ्याला वाटते की हे काम कार्यालयाने केले, तुम्ही तिथे उपस्थित होता.

पदनामाबाबत मात्र हात आखडता घ्या. उपकार्यकारी अभियंता या पदाला ‘डेप्युटी जनरल मॅनेजर’ असे काही परस्पर नाव देऊ नका. नोकरीपूर्व पडताळणीत कंपनी तुमचा नेमणूक आदेश मागते, आणि नाव जुळले नाही तर आकडे कितीही खरे असोत, विषय तिथेच संपतो. पदनाम आदेशात आहे तसेच ठेवा आणि खाली एका ओळीत त्याचा आवाका द्या: किती ग्राहक, किती फीडर, किती उपकेंद्रे, कायम कर्मचारी किती, बाह्यस्रोत कर्मचारी किती, वर्षाची मागणी किती कोटी. धुळे ग्रामीणमधला एखादा उपविभाग वर्षाला किती कोटींची मागणी करतो हे पुण्याच्या मनुष्यबळ अधिकाऱ्याला कुठून कळणार? एवढ्या रकमेची उलाढाल खासगीत ज्याच्या हाती असते त्याचा पगार किती, हे मात्र त्याला लगेच कळते.

अर्ज कुठे करणार त्यावरही भाषा अवलंबून आहे. वरचा युनिटमागच्या रुपयाचा हिशेब फ्रँचायझीला भावतो. अशी संधी खानदेशाच्या शेजारीच आहे. मालेगावचे वितरण मार्च 2020 पासून फ्रँचायझीकडे आहे. स्मार्ट मीटरच्या कंपनीला मात्र वेगळेच दुखणे असते. नाशिक आणि जळगाव परिमंडलांचे स्मार्ट मीटरचे काम एनसीसी या कंपनीला मिळाले. या करारांत कंपनीने मीटर स्वतःच्या पैशाने बसवायचा आणि महावितरणने तिला प्रत्येक चालू मीटरमागे दरमहा ठरावीक रक्कम द्यायची, अशी रचना असते. मीटर बसला नाही किंवा बसूनही वाचन पाठवत नसेल, तर उत्पन्न अडते. अशा ठिकाणी ‘1,400 मीटर बदलले’ ही एरवी कोरडी वाटणारी ओळच सोन्याची होते, फक्त ती नीट फोडून सांगायला हवी: एका जोडीने दिवसाला किती मीटर लावले, किती घरांना कुलूप असल्याने दुसऱ्यांदा जावे लागले, लोकांनी विरोध केला तेव्हा काम किती दिवस थांबले आणि कसे पुन्हा सुरू झाले, बदललेल्या मीटरची नोंद बिलिंगमध्ये चढायला किती दिवस लागले. शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. मीटर भिंतीवर बदलला आणि संगणकात जुनाच राहिला, तर पुढचे बिल सरासरीने जाते आणि ग्राहक कार्यालयात येऊन बसतो, हे शाखेत काम केलेल्या कोणालाही सांगायला नको.

आणि तिसरा मार्ग कारखान्यांचा, ज्याकडे आपले लोक फारसे वळत नाहीत. जळगाव एमआयडीसीतल्या डाळ मिल आणि प्लास्टिक पाइपचे कारखाने, धुळ्याचे अवधान, नरडाणा, शिरपूरच्या कापड गिरण्या, यांना गळती कमी करणारा माणूस नको असतो, बिल कमी करणारा हवा असतो. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांची आकारणी एप्रिल 2020 पासून केव्हीएएच पद्धतीने होते. पूर्वी पॉवर फॅक्टर चांगला ठेवला तर वेगळी सवलत मिळे आणि वाईट ठेवला तर दंड बसे. आता पॉवर फॅक्टर घसरला की मोजलेली युनिटच वाढतात. एखाद्या गिरणीत महिन्याला 2 लाख केडब्ल्यूएच खरा वापर असेल आणि पॉवर फॅक्टर 0.92 असेल, तर बिल सुमारे 2 लाख 17 हजार युनिटांवर निघते. तो 0.99 वर नेला तर 2 लाख 2 हजारांवर. महिन्याला 15 हजार युनिटांचा फरक, आणि तो केवळ कपॅसिटर पॅनेल नीट चालवून. उच्चदाब बिले तपासण्यात ज्याने वर्षे घालवली त्याला हे तोंडपाठ असते, पण बायोडेटात तो लिहितो, ‘उच्चदाब ग्राहकांच्या देयकांची पडताळणी केली.’ त्याऐवजी लिहा, उच्चदाब बिलातला दोष कुठे शोधायचा आणि त्याचे रुपये किती होतात हे मला येते. मग एका खऱ्या बिलाचा हिशेब ग्राहकाचे नाव न घेता जोडा.

नाव न घेता, हे महत्त्वाचे. ग्राहक क्रमांक, थकबाकीदारांच्या याद्या, फीडरचे अंतर्गत नकाशे यांतले काहीही घरच्या संगणकावर नेऊ नका, मुलाखतीत दाखवू नका. ते कंपनीचे आहे, आणि जो जुन्या मालकाची यादी घेऊन येतो तो उद्या आपलीही नेईल, हे समोरच्याला बरोबर कळते. तुमच्या फीडरचे वर्षाचे एकत्रित टक्के पुरे आहेत. पुरावा म्हणून नेमणूक आणि बदलीचे आदेश, कार्यभार स्वीकारल्याचे व सोपवल्याचे अहवाल आणि काही प्रशस्तिपत्रे असतील तर ती. कार्यभाराच्या तारखांवरून तो फीडर त्या काळात तुमच्याकडेच होता हे सिद्ध होते, आणि पडताळणीत तेच लागते.

जाण्याआधी कंपनीलाही प्रश्न विचारा, कारण जळगावची फ्रँचायझी चार वर्षांतच संपली हे विसरता येत नाही. कराराची किती वर्षे उरली आहेत? तुमची नेमणूक मूळ कंपनीत आहे की एका करारासाठी काढलेल्या उपकंपनीत, की कंत्राटदाराच्या पटावर? करार मोडला तर तुम्हाला दुसरीकडे घेणार का? हे प्रश्न संकोच न करता विचारता येतात. ज्याला आपल्या हिशेबातली युनिटमागची रक्कम सांगता येते त्याला समोरच्याचा हिशेब विचारण्याचा अधिकार आपसूक मिळतो.

नोकरी सोडण्याच्या कागदांत घाई महागात पडते. महावितरणच्या कर्मचाऱ्यांना भविष्य निर्वाह निधी असतो. तो यूएएनवरून नव्या ठिकाणी वर्ग होतो, त्यात फारसे हरवत नाही. राज्य शासनाच्या जुन्या निवृत्तिवेतनातल्या माणसाचे तसे नाही. महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम 1982 प्रमाणे राजीनाम्याने आधीची सेवा निवृत्तिवेतनासाठी बुडते. वीस वर्षे पूर्ण होत असतील तर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते, आणि ती राजीनाम्यापेक्षा सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी नवी नोकरी चालून आली तर नव्या पगाराची तुलना हातच्या पगाराशी करू नका, बुडणाऱ्या निवृत्तिवेतनाशी करा. विभागीय चौकशी प्रलंबित असेल तर राजीनामा अडकू शकतो, म्हणून ती आधी निकाली काढून घ्या. आणि नोटिशीचा अर्ज देण्यापूर्वीच निवडलेल्या फीडरचे दोन वर्षांचे मासिक आकडे एका वहीत उतरवून ठेवा: आत आलेली युनिट, बिलात आलेली युनिट, मागणी, वसुली, त्यातली जुनी थकबाकी. कार्यभार सोपवल्यावर बिलिंग प्रणालीचा पासवर्ड बंद होतो, आणि मग तेच आकडे मिळवायला माहिती अधिकाराचा अर्ज करून महिनाभर थांबावे लागते.